चार फोन, एक राउटर आणि शाळेचं स्नेहसंमेलन

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू झाला की व्हिडिओवाल्यांचे भाव चढतात. एका कॅमेऱ्याचं साधं चित्रीकरण शाळेला परवडतं. पण तीन-चार कॅमेरे, त्यांच्या लांबलचक केबली, चित्र बदलणारा मिक्सर आणि तो चालवणारा माणूस असा ‘लाइव्ह’ संच मागवायची वेळ आली की विषय पुढच्या वर्षावर जातो. आणि त्याच मंडपात शिक्षकांच्या खिशांमध्ये डझनभर चांगले कॅमेरे असतात. या फोनांचं चित्र एका लॅपटॉपवर एकत्र आणून, हव्या त्या क्षणी हवा तो कॅमेरा निवडता येतो, आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. खरी अडचण सॉफ्टवेअरची नसतेच. ती असते फोनपासून लॅपटॉपपर्यंतच्या हवेतल्या रस्त्याची आणि त्या रस्त्यावर चित्राला लागणाऱ्या वेळेची.

सॉफ्टवेअरचं नाव ओबीएस स्टुडिओ. ह्यू बेली या प्रोग्रॅमरने २०१२ मध्ये ते सुरू केलं, ते आजही मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतं. दूरदर्शनच्या ओबी व्हॅनमध्ये जे घडतं तेच यात लहान प्रमाणावर घडतं. प्रत्येक कॅमेऱ्याचा एक ‘सीन’ करायचा आणि Studio Mode सुरू करायचा. पडद्यावर दोन चौकटी येतात. डावीकडे पुढे दाखवायचं चित्र, उजवीकडे या क्षणी लोकांना दिसणारं चित्र. डावीकडचं मनासारखं झालं की एक कळ दाबायची, ते उजवीकडे जातं. View मेनूतली Multiview उघडली तर सगळे कॅमेरे एकाच वेळी छोट्या चौकटींत दिसतात. लॅपटॉपला जुना मॉनिटर जोडून ती तिथे ठेवली की शाळेचं पॅनेल तयार.

आता एक नमुन्याची शाळा घेऊ. तालुक्याच्या गावातली, पटांगणात मंडप, नऊ मीटर रुंद मंच, समोर पाचशे-सहाशे पालक. हातात चार अँड्रॉइड फोन, एक बऱ्यापैकी लॅपटॉप, दोन्ही बँडवर चालणारा एक राउटर आणि रंगीत तालमीची एक संध्याकाळ. ही संध्याकाळ नसेल तर पुढचं काहीही करू नये. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मांडामांड करून संध्याकाळी चार कॅमेरे चालवणं फक्त कागदावर जमतं.

आधी फोन ठेवायचे कुठे, हे ठरवायला हवं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची नजर चांगलीच रुंद असते. साधारणपणे तो जितक्या अंतरावर असेल त्याच्या दीडपटीहून थोडी कमी इतकी रुंदी चौकटीत मावते. दहा मीटरवरून जवळपास चौदा मीटर. म्हणजे नऊ मीटरचा मंच दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडून नीट बसतो. पण हाच फोन मंडपाच्या शेवटच्या खांबाला, वीस मीटरवर बांधला तर चौकटीत अठ्ठावीस मीटर येतात. मंच एक तृतीयांश उरतो आणि बाकी सगळी पालकांची डोकी. म्हणून पहिला फोन मंचासमोर दहा मीटरवर, पाहुण्यांच्या रांगांमागे, लॅपटॉपच्या टेबलाशेजारी उंच तिवईवर. दुसरा आणि तिसरा मंचाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांजवळ, कलाकारांपासून चार-एक मीटरवर. तिथून साडेपाच मीटर रुंदी दिसते. दुप्पट झूम केलं की पावणेतीन मीटर. अशा चौकटीची उंची दीड मीटरच्या आसपास भरते, म्हणजे पाचवीतली मुलगी डोक्यापासून पैंजणांपर्यंत मावते.

दुप्पट झूम म्हटल्यावर जाणकार नाक मुरडतील, कारण फोनचं झूम म्हणजे बहुतेक वेळा चित्राचा मधला भाग कापून मोठा करणं. पण फोनचा कॅमेरा चार हजार ठिपके रुंदीचं चित्र टिपतो आणि आपल्याला दाखवायचं आहे १२८० बाय ७२०. निम्मा भाग कापला तरी दोन हजार ठिपके उरतात. उजेड चांगला असेल आणि अ‍ॅप सरळ सेन्सरवरून कापत असेल तर डोळ्याला फरक जाणवत नाही. ‘फुल एचडी’चा आग्रह धरला तर ही सवलत जवळपास संपते आणि वाय-फायवरचा बोजा दुपटीहून वाढतो. शाळेच्या कामाला ७२० पुरतं. पालक तरी ते फोनवरच पाहणार असतात.

चौथा फोन फिरता. नववी-दहावीतल्या एखाद्या स्थिर हाताच्या मुलीकडे तो द्यावा. विंगेतली धावपळ, पहिल्या रांगेतली आजी, ढोलकीवर पडणारा हात, हे सगळं तिचं.

फोनचं चित्र लॅपटॉपमध्ये आणायचे बरेच मार्ग आहेत. इथे दोनच वापरू. पहिला फोन टेबलाशेजारीच आहे, म्हणून तो यूएसबी केबलने जोडायचा. जेनीमोशन बनवणाऱ्या कंपनीतून आलेलं स्क्रीकॉपी हे छोटं मुक्तस्रोत साधन अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या फोनचा कॅमेरा थेट लॅपटॉपवर दाखवतं. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग सुरू करायचं आणि लॅपटॉपवर ही आज्ञा द्यायची:

```
scrcpy --video-source=camera --camera-facing=back --camera-size=1280x720 --no-audio
```

एक खिडकी उघडते. ओबीएसमध्ये Window Capture निवडून ती उचलायची. खिडकी दुसऱ्या खिडकीमागे गेली तर सहसा चालतं, पण खाली मिटली की चित्र थिजतं किंवा काळं होतं. हा फोन वाय-फायवर अवलंबून नाही हे महत्त्वाचं. बाकी सगळं कोसळलं तरी पूर्ण मंच दाखवणारं एक चित्र हातात राहतं.

उरलेले तीन वाय-फायवर. त्यांच्यात आयपी वेबकॅम हे अ‍ॅप घालायचं. त्याची मोफत आवृत्ती पुरते. सेटिंगच्या यादीत अगदी खाली Start server आहे. तो दाबला की फोनच्या पडद्यावर एक पत्ता दिसतो. त्या पत्त्यापुढे `/video` लावून तो ओबीएसच्या Media Source मध्ये द्यायचा:

```
http://192.168.1.22:8080/video
```

Local File समोरची खूण काढायची आणि Input Format मध्ये `mjpeg` लिहायचं. चित्र येतं. सगळे टाळ्या वाजवतात. मग पहिल्यांदा कॅमेरा बदलला की दुसऱ्या फोनच्या जागी दोन सेकंद काळा पडदा येतो, आणि दोष फोनला दिला जातो. फोनचा यात काही दोष नसतो. Media Source मध्ये Restart playback when source becomes active ही खूण आधीपासून केलेली असते. तो सीन पडद्यावर आला की ओबीएस फोनशी नव्याने नातं जोडायला जातं. साठवलेल्या फिल्मसाठी ते बरोबर आहे, जिवंत कॅमेऱ्यासाठी घातक. ही खूण काढायची. त्याच पानावर Reconnect Delay दहा सेकंदांचा असतो, तो एक-दोनवर आणायचा, म्हणजे फोन क्षणभर तुटला तरी लगेच परत येतो. Network Buffering कमीत कमी करायचं, नाहीतर चित्र उगाच मागे पडतं.

आता वाय-फायचा हिशेब. आयपी वेबकॅमच्या या पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्र जेपेग फोटो म्हणून पाठवली जाते. एक फोटो ८० किलोबाइटचा धरला तर सेकंदाला २५ चौकटींचे २००० किलोबाइट, म्हणजे १६ मेगाबिट. तीन फोनांचे ४८. राउटरच्या खोक्यावर ३०० किंवा १२०० असा आकडा छापलेला असतो, त्यामुळे ४८ म्हणजे किरकोळ वाटतं. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या खोलीतला आणि आदर्श स्थितीतला असतो. मंडपात पाचशे पालकांचे फोन २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात सतत नेटवर्क शोधत असतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत – १, ६ आणि ११. तालमीला रिकाम्या मंडपात झकास चाललेलं चित्र कार्यक्रमाच्या दिवशी अडखळतं ते यामुळे. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. राउटर टेबलाखाली ठेवला तर फोन आणि तो यांच्यात माणसांची भिंत उभी राहते.

म्हणून तीनही फोन ५ गिगाहर्ट्झवर घ्यायचे. त्यासाठी राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्यायची, नाहीतर फोन स्वतःच्या मर्जीने २.४ वर उतरतो आणि कुणाला कळतही नाही. राउटर डोक्यांच्या वर, खांबाला बांधायचा. आणि सगळ्यात जास्त फायदा देणारी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे: लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडायचा. लॅपटॉपही वाय-फायवर असेल तर प्रत्येक चौकट हवेतून दोनदा जाते, एकदा फोनकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून लॅपटॉपकडे. ४८ चे ९६ होतात. वीस फुटांची केबल टाकली की हवेवरचा बोजा निम्मा होतो. स्वस्त राउटरचं लॅन तोंड १०० मेगाबिटचं असतं, त्यात ४८ आरामात मावतात.

या नेटवर्कला इंटरनेट असायची गरज नाही, पण अँड्रॉइडला ते पटत नाही. वाय-फायवर इंटरनेट दिसत नाही म्हटल्यावर तो मुकाट्याने मोबाइल डेटाकडे वळू शकतो. त्यामुळे फोनांचा मोबाइल डेटा बंदच ठेवायचा. विमान मोड लावून मग वाय-फाय सुरू केलं तर आणखी बरं, कारण ऐन नाटकाच्या वेळी गावाकडच्या काकांचा फोन आला की कॅमेरा अ‍ॅप मागे जातं. शेवटचं म्हणजे पत्ता. फोन तुटून पुन्हा जोडला गेला की राउटर त्याला नवा पत्ता देऊ शकतो, आणि ओबीएस जुन्याच दारावर थाप मारत राहतं. राउटरच्या पानावर प्रत्येक फोनचा पत्ता कायमचा राखून ठेवायची सोय असते. नव्या फोनांत मात्र वाय-फायचा ओळख क्रमांक नेटवर्कगणिक बदललेला असतो, म्हणून पत्ता राखताना फोन त्या नेटवर्कवर जोडून मगच राखावा.

चित्र आलं, टिकलंही. आता ते एकमेकांशी जुळायला हवं.

एकाच मुलीचा चेहरा एका फोनमध्ये पिवळा आणि दुसऱ्यात निळसर दिसत असेल तर प्रत्येक बदल डोळ्याला खुपतो. फोन स्वतःहून रंग आणि उजेड ठरवत राहतात, आणि प्रत्येकाचं मत वेगळं. मंचामागे काळा पडदा असेल तर फोन सरासरी काढतो, दृश्य अंधारं आहे असं समजतो आणि उजेड वाढवतो. पडदा करडा होतो आणि चेहऱ्यांचे पांढरे डाग होतात. यावर उपाय तालमीतच करायचा. स्पॉटलाइटमध्ये, खऱ्या वेशभूषेत, एका मुलाला उभं करायचं. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये फोनचा पत्ता `/video` न लावता उघडला तर नियंत्रणांचं पान येतं. तिथून पांढरा रंग तिन्ही फोनांना एकसारखा ठरवून द्यायचा, फोकस चेहऱ्यावर आणायचा आणि मग एक्स्पोजर कुलूपबंद करायचं. झूमही याच पानावरून होतं, त्यामुळे कोपऱ्यातल्या दोन फोनांपाशी कुणी उभं राहायची गरज नाही.

याच पानावर ५० आणि ६० हर्ट्झचा पर्याय असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. फोन ६० वर ठेवलेला असेल तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. ५० निवडायचं आणि ओबीएसमध्येही सेकंदाला २५ चौकटी ठेवायच्या. तरीही पट्टे दिसले तर दोष मंडपवाल्याच्या स्वस्त एलईडी दिव्यांचा. ते मंद करताना स्वतःच वेगाने उघडझाप करतात. पूर्ण तेजावर ठेवले की बहुधा पट्टे जातात.

आवाजाच्या बाबतीत एक नियम पक्का: फोनचा आवाज घ्यायचा नाही. चारही फोनांचा आवाज ओबीएसमध्ये बंद. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्यायचा. त्याच्या मागे रेकॉर्डिंगसाठी वेगळं तोंड असतं. ती तार लॅपटॉपच्या माइकच्या भोकात सरळ खुपसली तर आवाज फाटतो, कारण मिक्सरमधून येणारा संदेश माइकच्या कित्येक पट जोरदार असतो. मध्ये लाइन इनपुट असलेलं यूएसबी साउंड कार्ड घालावं. पण मिक्सरमध्ये फक्त माइकसमोरचा आवाज असतो. लेझीम खेळणाऱ्या तीस मुलांसमोर माइक नसतो, त्यामुळे प्रक्षेपणात गाणं ऐकू येतं आणि लेझमींचा खळखळाट गायब होतो, टाळ्याही गायब. म्हणून एक साधा माइक मंचाच्या कडेला ठेवून तो मिक्सरमधल्या एका वेगळ्या वाहिनीवर घ्यायला साउंडवाल्याला सांगावं. ही वाहिनी फक्त रेकॉर्डिंगच्या तोंडाकडे जायला हवी. ती भोंग्यांकडे गेली तर शिट्टी वाजलीच.

आता वेळेचा प्रश्न, ज्यावर अशी बहुतेक प्रक्षेपणं घसरतात. मिक्सरमधला आवाज तारेतून जवळजवळ तत्क्षणी येतो. फोनचं चित्र मात्र टिपणं, जेपेग करणं, हवेतून पाठवणं आणि उलगडणं या पायऱ्या ओलांडून येतं. नाटकात संवाद आधी आणि ओठ नंतर हलतात.

किती उशीर होतो हे मोजायची युक्ती सोपी आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर एका कोपऱ्यात शतांश सेकंद दाखवणारं घड्याळ सुरू करायचं, शेजारी Multiview उघडायची आणि चारही फोन त्याच घड्याळावर रोखायचे. मग स्क्रीनशॉट घ्यायचा. त्या एका स्थिर चित्रात खरं घड्याळ आणि प्रत्येक फोनला दिसलेलं घड्याळ दोन्ही असतात. वजाबाकी केली की प्रत्येकाचा उशीर हातात येतो. असे चार-पाच स्क्रीनशॉट घेऊन सरासरी काढावी.

समजा आपल्या शाळेत आकडे असे आले: यूएसबीचा पहिला फोन १२०, दुसरा २४०, तिसरा २६० आणि फिरता फोन ४३० मिलिसेकंद. फिरता एवढा मागे का? तपासलं तर तो २.४ वर उतरलेला सापडतो. ५ वर आणला की २७० होतो. आता २४०, २६०, २७० यांच्यातला फरक एका चौकटीहून कमी आहे, कारण २५ चौकटींच्या हिशेबात एक चौकट ४० मिलिसेकंदांची. तो सोडून द्यावा. यूएसबीचा फोन मात्र जवळपास १४० मिलिसेकंद पुढे आहे. त्याच्यावरून दुसऱ्यावर गेलं की नाचणारी मुलं क्षणभर मागे उडी मारतात. त्या फोनला ओबीएसमध्ये Render Delay हा फिल्टर लावून १४० मिलिसेकंद मागे ओढायचं. हा फिल्टर ५०० मिलिसेकंदांपर्यंतच जातो. त्यापेक्षा मोठा फरक असेल तर फिल्टरच्या मागे न लागता कारण शोधावं. चारही चित्रं २६० च्या आसपास आली की आवाजालाही तितकंच थांबवायचं. त्यासाठी Advanced Audio Properties मध्ये Sync Offset आहे. तिथे 260 लिहायचं. मग मंचावर एका मुलाला माइकसमोर टाळी वाजवायला लावून रेकॉर्डिंग चौकट-चौकट पाहायचं. हात भेटतात त्याच चौकटीच्या आसपास आवाजाचा कडाका यायला हवा. कार्यक्रमाच्या मध्यंतरात हे एकदा पुन्हा तपासावं, कारण वाय-फाय तुंबलं की चित्र हळूहळू मागे सरकत जातं.

याच उशिरामुळे ओबीएसचं चित्र मंचाशेजारच्या मोठ्या एलईडी पडद्यावर दाखवायचा मोह टाळावा. घरी पाहणाऱ्याला पाव सेकंदाचा उशीर कळत नाही. मंडपात बसलेल्याला मंचावर पडलेलं पाऊल आणि पडद्यावरचं पाऊल दोन्ही एकदम दिसतात, आणि मग तो दुसरं काही पाहू शकत नाही.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. लेझीम घेऊ. पॅनेलवर बसलेल्या शिक्षकाला गाणं ओळीओळीने माहीत हवं. तालमीत हजर नसलेल्या माणसाने पॅनेलवर बसू नये. सुरुवात पहिल्या फोनवर, पूर्ण मंच, दोन्ही विंगांमधून रांगा आत येतात. रांगा जागेवर स्थिरावेपर्यंत तिथेच राहायचं, कारण रचना बदलत असताना जवळचं चित्र दाखवलं की पाहणाऱ्याला कोण कुठे गेलं ते कळत नाही. हलगीचा ठेका बसला की दुसऱ्या फोनची कळ दाबायची. डाव्या चौकटीत पुढच्या रांगेतली तीन मुलं येतात. ती नीट आहेत ना हे पाहायचं, एक आवर्तन थांबायचं आणि समेवर बदलायचं. ठेक्याच्या मध्येच केलेला बदल चुकीचा दिसतो, समेवर केलेला दिसतच नाही. आठ-दहा सेकंदांनी तिसरा फोन, समोरच्या बाजूने. मुलं वर्तुळात जायला निघाली की लगेच पुन्हा पहिला. दरम्यान फिरत्या फोनवाली हलगी वाजवणाऱ्या मुलापाशी पोचलेली असते. पण तिचा फोन अजून हलतोय तोवर तिला घ्यायचं नाही. चित्र थांबलं की मगच. नवख्या पॅनेलवाल्याचा हात सतत शिवशिवतो आणि तीन मिनिटांच्या नाचात तो साठ वेळा कॅमेरा बदलतो. पंधरा-वीस बदल पुष्कळ झाले.

नाचात बदल सरळ तोडीचा ठेवावा. एकातून दुसरं विरघळणारं चित्र फक्त दोन कार्यक्रमांच्या मधल्या अंधारासाठी. ओबीएसमध्ये ते आधीपासून ३०० मिलिसेकंदांचं लावलेलं असतं, म्हणून बदलाचा प्रकार Cut करून ठेवायला विसरू नये. सरकणाऱ्या आणि पुसल्या जाणाऱ्या चित्रांचे प्रकारही तिथे आहेत. ते लग्नाच्या कॅसेटसाठी सोडून द्यावेत.

बक्षीस समारंभ त्यामानाने सोपा, पण तिथे नावांचा घोळ होतो. पडद्याच्या खालच्या पट्टीत विद्यार्थ्याचं नाव दाखवायचं असेल तर ओबीएसचा मजकूर स्रोत फाइलमधून वाचू शकतो. शाळेच्या कार्यालयातली यादी मात्र बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली असते. ती ओबीएसमध्ये घातली की ‘साक्षी’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ उमटते. यादी आधी युनिकोडमध्ये बदलून, UTF-8 म्हणून साठवून घ्यावी आणि मुक्ता किंवा निर्मला यांसारखा युनिकोड फाँट निवडावा. हे काम आदल्या आठवड्यात करायचं. नावातली एक वेलांटी चुकली तरी पालक ती वर्षभर विसरत नाहीत.

दोन तास कॅमेरा, वाय-फाय आणि चार्जिंग एकदम चालू राहिलं की फोन तापतात. फोन तापल्याची पहिली खूण म्हणजे चौकटी गळायला लागतात, हालचाल झटके देते. मग पडदा मंदावतो आणि शेवटी कॅमेरा बंद पडतो. फोनचं कव्हर काढावं, पडद्याचा उजेड तळाला न्यावा, जलद चार्जरऐवजी साधा चार्जर लावावा आणि फोन हॅलोजनच्या झोतात ठेवू नये. प्रक्षेपण अडखळलं तर कोण अडखळतंय हे ओबीएसच्या Stats खिडकीत दिसतं. नेटवर्कमुळे गळलेल्या चौकटी वाढत असतील तर इंटरनेटचा दोष, एन्कोडिंगमुळे गळत असतील तर लॅपटॉप थकलाय. दोन्ही आकडे शून्यावर असूनही एखाद्या फोनचं चित्र तुटत असेल तर गोष्ट त्या फोनच्या वाय-फायची आहे.

यूट्यूबवर सोडायचं असेल तर खात्यावर थेट प्रक्षेपणाची परवानगी आधी मागावी लागते आणि पहिल्यांदा ती मिळायला चोवीस तास लागू शकतात. ७२० च्या चित्राला सेकंदाला चार मेगाबिट पुरतात. पण मोठी अडचण गाण्यांची. स्नेहसंमेलनातले निम्मे नाच सिनेमाच्या गाण्यांवर असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांना सूट आहे, मात्र ध्वनिमुद्रित गाणं वाजवायचं तर प्रेक्षक शाळेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या उपक्रमांशी संबंधित माणसं एवढेच असावे लागतात. जगाला खुलं प्रक्षेपण या चौकटीत बसत नाही, आणि यूट्यूबची यंत्रणा तर कलम वाचायला थांबत नाही. गाणं ओळखलं की इशारा येतो आणि चित्राच्या जागी स्थिर पाटी लागू शकते. लहान मुलांचे चेहरे अनोळखी लोकांसमोर मांडायचे का, हा प्रश्न त्याहून मोठा. बऱ्याच शाळांनी थेट प्रक्षेपणाचा नाद सोडून फक्त रेकॉर्डिंग करावं आणि ते पालकांपर्यंत पोचवावं, हे अधिक शहाणपणाचं. चार कॅमेऱ्यांची सगळी मेहनत रेकॉर्डिंगलाही तितकीच कामी येते, आणि वर इंटरनेटची काळजी मिटते.

रेकॉर्डिंग साठवताना एमकेव्ही हा प्रकार ठेवावा. मंडपातली वीज गेली किंवा लॅपटॉप बंद पडला तर साध्या एमपी४ फाइलचं शेवटचं पान लिहिलं जात नाही आणि पूर्ण फाइल उघडेनाशी होते. एमकेव्हीमध्ये त्या क्षणापर्यंतचं सगळं शाबूत राहतं. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की जनरेटर सुरू होईपर्यंतचं अर्धं मिनिट फोनही जोडलेले राहतात. कार्यक्रम संपल्यावर ओबीएसच्या File मेनूतल्या Remux Recordings मधून एमकेव्हीची एमपी४ फाइल करून घ्यायची. चित्राला हात न लावता फक्त वेष्टन बदलत असल्याने तीन तासांची फाइलही काही मिनिटांत होते. मग इयत्तेनुसार तुकडे करून त्या त्या वर्गशिक्षकांच्या पेनड्राइव्हवर द्यायचे. पाचवी ‘ब’च्या लेझमीची फाइल पहिली मागितली जाते.